जाहीर आवाहन : गतिरोधकाची मागणी करण्याआधी रस्ता मोजूया

नागरिक बंधू-भगिनींनो,

आपल्या वस्तीतल्या 12 मीटर रुंदीच्या रस्त्यावर आणखी दोन गतिरोधक घालावेत, असा अर्ज सध्या सह्यांसाठी फिरतो आहे. गाड्या भरधाव जातात, ही तक्रार खरीच आहे. तरीही सही करण्याआधी शाळेजवळचा आजचा गतिरोधक एकदा मोजून पाहू, अशी विनंती आहे.

मोजायला टेप, दोरी आणि चार विटा पुरतात. गतिरोधकाच्या दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर सारख्याच उंचीवर दोरी ताणून बांधा. दोरीपासून रस्ता 20 सेंटिमीटर खाली आणि गतिरोधकाचा माथा 8 सेंटिमीटर खाली असेल, तर गतिरोधकाची उंची 12 सेंटिमीटर. आपल्या गतिरोधकाची उंची तेवढीच भरली. वाहनाच्या दिशेने त्याची रुंदी मात्र जेमतेम 1.2 मीटर आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मार्गदर्शिकेत गोलसर गतिरोधकाचे माप दिले आहे : रुंदी 3.7 मीटर, मध्यभागी उंची 10 सेंटिमीटर. ताशी 25 किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा, असा हिशेब त्यामागे आहे. तिथे साधारण 18 सेंटिमीटर पुढे गेल्यावर 1 सेंटिमीटर चढ लागतो. आपल्याकडे तेवढाच चढ 5 सेंटिमीटरमध्ये येतो. म्हणजे उंची थोडीच जास्त असली, तरी चढ साडेतीन पट उभा आहे.

रुंद गतिरोधकावर मोटारीची पुढची-मागची दोन्ही चाके एकदम मावतात. अख्खी गाडी वर जाऊन खाली येते, आणि वेग जितका जास्त तितका आतल्या माणसाला त्रास जास्त. अरुंद उंचवट्यावर उलटे घडते. वेगातल्या मोटारीचा धक्का तिचे स्प्रिंग गिळून टाकतात. हळू जाणारा स्कूटरस्वार, मागे बसलेली गरोदर बाई आणि रुग्णवाहिकेतला रुग्ण यांना मात्र तो पुरता बसतो. ज्याला आवरायचे तोच सुटतो. शिवाय 40 मीटर आधी सूचनाफलक नाही, पट्टे पुसले गेले आहेत आणि कडेला पाणी वाहायला जागा न सोडल्याने पावसात तिथे तळे साचते. असेच आणखी दोन उंचवटे घेऊन काय करायचे?

वेग वाढण्याचे मूळ डांबराच्या रुंदीत आहे. 12 मीटरपैकी 9.6 मीटर डांबर आणि दोन्ही बाजूंना 1.2 मीटरचा पदपथ, अशी आजची वाटणी आहे. दुपारी पार्किंग रिकामे झाले की प्रत्येक दिशेला 4.8 मीटर मोकळे मिळतात. मोटार सुमारे पावणेदोन मीटर रुंद, बस अडीच मीटरच्या आसपास. अशा निवासी रस्त्यावर 3 मीटरची लेन पुरते. जास्तीची जागा चालकाला ॲक्सिलरेटर दाबायलाच सांगते.

पदपथाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. माणसाला चालायला किमान 1.8 मीटर सलग मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. ही रुंदी खांब, झाड, डीपी यांना वगळून मोजायची, आणि तीही सर्वांत अरुंद ठिकाणी. पदपथाची कड रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. नाहीतर ज्येष्ठ मंडळी खाली उतरून रस्त्यानेच चालतात. आपल्याकडे डीपीजवळ जेमतेम एक माणूस आडवा होऊन जातो.

आता त्याच 12 मीटरची नवी वाटणी पाहा. दोन लेनचे 6 मीटर, दोन्ही पदपथांचे मिळून 3.6 मीटर, उरलेले 2.4 मीटर एका बाजूला. तिथे झाडे, खांब, डीपी आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून गाड्या लावायच्या जागा. एक इंचही भूसंपादन लागत नाही. यात तोटाही आहे : पार्किंग एकाच बाजूला राहील आणि काहींना घरापासून थोडे लांब गाडी लावावी लागेल. हे आधीच बोलून ठरवायला हवे. त्यानंतरही शाळेपाशी गतिरोधक लागला, तर तो 3.7 मीटरचाच मागू.

म्हणून आवाहन असे :

1. येत्या रविवारी सकाळी 8 वाजता शाळेच्या फाटकापाशी टेप आणि वही घेऊन या. दर गल्लीच्या तोंडाशी डांबर, पदपथ आणि अडथळे मोजून नोंदवू.

2. उरलेल्या डांबराचा ढीग ओतून 'तात्पुरता' गतिरोधक करून द्यायला ठेकेदाराला कोणीही सांगू नये.

3. सोसायट्यांनी फाटकाचा उतार पदपथावर आणू नये. तो आपल्या आवारात घ्यावा.

4. जुन्या अर्जाऐवजी मोजमापांचा तक्ता आणि नव्या वाटणीचा नकाशा जोडलेला अर्ज प्रभाग कार्यालयात देऊ. सही त्यावर करावी.

आपले,
वस्तीतील पादचारी रहिवासी