गोगलगाय, लगाम आणि चाबूक

व्यंगचित्र वाचण्याला विनोदबुद्धी लागते, आणि ज्यांना ते बोचते त्यांच्यापाशी ती नसते, असा एक समज मराठी सुशिक्षितांमध्ये दृढमूल आहे. तो किती आळशी आहे हे पाहण्यासाठी शंकर यांच्या एकाच चित्राचे उदाहरण पुरे. २८ ऑगस्ट १९४९ रोजी प्रसिद्ध झालेल्या या चित्रात राज्यघटना ही गोगलगाय आहे. तिच्यावर लगाम आणि चाबूक घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत. मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि भोवती बघ्यांची गर्दी आहे. हेच चित्र २००६ साली एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आले. ११ मे २०१२ रोजी त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने दिलगिरी व्यक्त केली, आणि सुहास पळशीकर व योगेंद्र यादव या दोन्ही मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु तिच्या निषेधातच वाचनाचा मूळ प्रश्न बुडून गेला. चित्राच्या कैवाऱ्यांनी सांगितले की नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे, आंबेडकरांवर नव्हे. आणि हे न कळणारा वाचक व्यंगचित्रसाक्षर नाही. विरोधकांना तो चाबूक आंबेडकरांच्या पाठीवर दिसला. दोन्ही पक्षांनी चित्राकडे पाहिले खरे, पण प्रत्येकाने त्यातले एकेकच चिन्ह उचलले.

प्रथम गोगलगाय. हे प्रतीक सर्वांना एकाच अर्थाने कळते, असे पाठ्यपुस्तकाने गृहीत धरले होते. वस्तुतः चित्रामागे इंग्रजी वाक्प्रचार आहे; संथपणाची कल्पना त्या भाषेत गोगलगायीशी जोडलेली आहे. मराठीत मात्र गोगलगायीचे नाव घेतले की ‘पोटात पाय’ आठवतात. म्हणजे वरून निरुपद्रवी, आतून कावेबाज. मराठी वाचकाच्या मनात राज्यघटनेच्या या रूपाला संशयाची एक छटा चिकटते, जी शंकर यांनी काढलेलीच नाही. प्रतीक भाषांतरित होताना त्याचा अर्थ सरकतो, आणि हे सरकणे वाचकाचे अज्ञान नव्हे. अर्थनिर्णयनाचा व्यवहारच तसा चालतो.

आता अतिशयोक्तीकडे वळता येईल. अतिशयोक्तीला नेहमी एक दिशा असते: काहीतरी फुगवले जाते, तेव्हा दुसरे काही नजरेआड होते. येथे वेळ फुगवला आहे आणि काम नजरेआड गेले आहे. चित्र छापून तीन महिने होण्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी घटना समितीत याच आरोपाला उत्तर दिले. मसुदा समिती १४१ दिवस बसली होती. विचारासाठी आलेल्या दुरुस्त्या २,४७३ होत्या आणि अनुच्छेद ३९५. अमेरिकेच्या घटनेत सात आणि कॅनडाच्या घटनेत १४७ कलमे आहेत हेही त्यांनी नमूद केले. एका सदस्याने मसुदा समितीच्या इंग्रजी नावावर कोटी करून तिला ‘भरकटणारी समिती’ म्हटले होते, त्याचाही त्यांनी समाचार घेतला. अर्थात चित्राने केलेले भाष्य हे त्या काळी उघडपणे वादग्रस्त असलेले एक मत होते, निर्विवाद वस्तुस्थिती नव्हे. पाठ्यपुस्तकाने चित्राखाली विचारले ते साधारण असे: घटना बनवायला इतका वेळ का लागला असेल? ‘इतका’ हा शब्द चित्राचा निवाडा आधीच मान्य करून टाकतो. त्याच प्रकरणात घटना समितीच्या विचारविनिमयाच्या पद्धतीची चर्चा आहे, हे पळशीकर-यादव यांच्या बाजूने मान्य करावे लागेल. तरीही २५ नोव्हेंबरचे भाषण चित्राच्या शेजारी उभे केले असते, तर विद्यार्थ्याला व्यंगचित्राचा दावा तपासून पाहता आला असता.

सर्वांत अवघड चिन्ह चाबकाचे. नेहरूंनी शंकर यांना ‘मला सोडू नका’ असे सांगितल्याचा दाखला या वादात पुनःपुन्हा दिला गेला. हा दाखला फार तर नेहरूंच्या उदारपणाचा आहे. पंतप्रधानाने स्वतःपुरती दिलेली परवानगी इतरांच्या वतीने वापरता येत नाही. विशेषतः ज्याच्या हातात तेवढी सत्ता नाही आणि ज्याच्या जातीचे माणूसपणच हजारो वर्षे नाकारले गेले, त्याच्या वतीने तर नाहीच. मराठीत ‘आसूड’ हा शब्द जोतीराव फुले यांच्या ग्रंथामुळे शोषिताच्या हाती आला आहे. म्हणून चाबूक कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाच्या मागे आहे, हा प्रश्न मराठी वाचकाला केवळ रेषांचा वाटत नाही.

येथे सातारा जिल्ह्यातील एक प्रसंग आठवणे अप्रस्तुत नाही. १९०१ साली आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची मुले वडिलांकडे जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरली. ही महारांची मुले आहेत हे कळल्यावर गाडीवान त्यांना नेईनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, परंतु गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे, या अटीवर. आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आता गाडीवर बसून दोर हाती घेतलेली मुले आणि विटाळाच्या भीतीने पायी चाललेला गाडीवान हे चित्र डोळ्यांसमोर आणून शंकर यांच्या चित्राकडे पुन्हा पाहावे. वाहनावर आंबेडकर, हातात लगाम, मागे पायी उभा असलेला वरचढ. शंकर यांना हा प्रसंग ठाऊक असण्याचे कारण नाही आणि चित्राच्या हेतूवर तो आरोप नाही. पण ज्या वाचकाच्या स्मरणात तो आहे, त्याला मागचा चाबूक निव्वळ घाईचे चिन्ह वाटणार नाही. त्याला ‘चित्र तुला कळले नाही’ असे सांगणारा समीक्षक स्वतःच्या स्मरणाला सार्वत्रिक समजत असतो, एवढेच.

आणि गर्दी? ती कोणाकडे पाहते, याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. वास्तविक व्यंगचित्रात बघे हे वाचकाच्या बसण्याची जागा ठरवतात. १९४९ सालच्या साप्ताहिकाचा इंग्रजी वाचक त्या गर्दीत सहज मिसळला असेल. पाठ्यपुस्तक उघडलेली दलित मुलगी मात्र त्या गर्दीत उभी राहू शकत नाही. तिची जागा गोगलगायीवर ठरलेली असते. साप्ताहिकातून वर्गात आलेल्या चित्राचा हा खरा अपघात होता, आणि त्यात संपादकांची द्वेषबुद्धी शोधण्याची गरज नाही.

एवढे मान्य केल्यावर चित्र काढून टाकणे योग्य ठरते, असा निष्कर्ष सरकारने काढला. सुखदेव थोरात समितीनेही पुस्तकांतील अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली, एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली. वगळण्याच्या निर्णयाने दुखावलेल्या वाचकाला नेमके काय मिळाले? त्याचे वाचन चित्राशेजारी छापले गेले नाही, त्यावर चर्चा झाली नाही. ते चित्राबरोबरच पुस्तकाबाहेर गेले. आक्षेपाचा पुरावा नष्ट झाला की उरतो तो केवळ आक्षेपकाच्या हळवेपणाचा प्रवाद, जो कैवाऱ्यांना हवाच होता.

याच्या उलट रीत उन्नमति श्याम सुंदर यांनी २०१९ साली दाखवली. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांतून आंबेडकरांवर निघालेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे त्यांनी एकत्र छापली. त्यांत शंकर आहेत, एन्व्हर अहमद आहेत. प्रत्येक चित्र त्याच्या तारखेसह, घटनेसह, आणि ते काय लपवते याच्या नोंदीसह येते. एका चित्रावरून चालणारा वाद तिथे शंभर चित्रांच्या सवयीवर जातो, आणि ‘केवळ विनोद’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यावे लागते ते एका रेषेचे नसून सोळा वर्षांच्या रेषांचे. श्याम सुंदर यांचा आरोप त्या चित्रांना छापल्याशिवाय करताच आला नसता.