"तात्काळ पंचनामे करा" हा आदेश नाही, अंग झटकणं आहे

मंडळी, सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी मराठवाडा विसरलेला नाही. शिवना, गोदाकाठ, कपाशीत गुडघाभर पाणी. तेव्हा वरून खाली एकच वाक्य फिरत होतं: "तात्काळ पंचनामे करून अहवाल सादर करा." वाचायला दमदार आहे. पण ज्याला हे काम करायचंय त्याला यातून काय कळतं? काहीच नाही.

हे वाक्य खाली कसं येतं ते बघा. मंत्रालय, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि शेवटी आपले भाऊसाहेब, म्हणजे तलाठी. (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय. पाटी बदलली, काम तेच.) प्रत्येक जण पत्राला आपलं पत्र जोडतो आणि आपल्या सोयीसाठी मुदतीतला एक दिवस कापून घेतो. वरून आठ दिवस निघाले असतील तर खाली तीन-चार उरतात. कामात भर कुणीच घालत नाही, वेळ मात्र सगळेच खातात.

आता साधा हिशेब करू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावाचे टाकून बघा. एका सजेत बाधित गट ८००. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघांनी बांधावर जायचं. पीक बघायचं, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की नाही ठरवायचं (मदत त्याच्यावरच मिळते), फोटो काढायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. काळ्या रानात गाडी डांबरीवरच ठेवावी लागते, पुढं चिखल तुडवत जायचं. चालण्यासकट एका गटाला दहाच मिनिटं धरा. तासाला सहा, आठ तासांत ४८. म्हणजे ८०० गटांना जवळपास १७ दिवस. मुदत चार दिवस! चार दिवसांत एक पथक १९२ गट करील, तेही दुसरं काही न करता.

मग उरलेले सहाशे कसे होतात? पारावर बसून. ते ओळखणं अवघड नाही. यादीत ओळीनं सगळ्यांना ६५ टक्के, नदीकाठच्यालाही अन् माळावरच्यालाही. फोटोची वेळ बघा, दोन मिनिटांत दोन शिवारं. मग ज्याचं खरंच वाहून गेलं तो यादीबाहेर राहतो आणि तहसीलच्या पायऱ्यांवर अर्ज घेऊन उभा राहतो.

साहेबांनी हाच हिशेब आदेश काढायच्या आधी केला असता तर दोनच रस्ते दिसले असते: पाच पथकं द्या, नाहीतर १७ दिवस द्या. "कसंही करा" हा तिसरा रस्ता नसतो. कसंही केलेलंच मग येतं.

आणि आदेशात लिहायचं काय? कोणत्या गावापासून सुरुवात. नमुना कोणता, आणि तो मध्येच बदलणार नाही. दुसऱ्या दिवशी एक रकाना वाढवला की आधीचे ४८ गट पुन्हा उघडावे लागतात, हे रकाना वाढवणाऱ्याला दिसत नाही. ई-पीक पाहणीत नोंद नाही पण रानात पीक उभं आहे, तर काय करायचं? खातं सामाईक आहे, भाऊ-भाऊ भांडतात, तर नाव कुणाचं? हे प्रश्न प्रत्येक सजेत येणारच. उत्तर आधी दिलं नाही तर प्रत्येक भाऊसाहेब आपल्या मनानं देतो, आणि शेजारच्या दोन गावांत दोन न्याय होतात. शेवटचं म्हणजे, या दिवसांत कोणती कामं बाजूला ठेवायची. बीएलओचं काम, दाखले, व्हीसी सगळं चालूच ठेवून "पंचनाम्यांना प्राधान्य" म्हणायचं, तर ते प्राधान्य कसलं?

ग्रुपवर दुपारी पावणेचारला मेसेज पडतो: "आज सायं. ५ पर्यंत माहिती द्या, अन्यथा कारवाई." माणूस तेव्हा रानात असतो, रेंज नसते. मग रान सोडून तो रेंज शोधत फिरतो. रोज संध्याकाळी एकदाच, ठरलेल्या वेळी, किती गट झाले एवढा एक आकडा मागा. तेवढ्यानं साहेबांनाही वर सांगता येतं.

कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, तलाठ्यांची वकिली कधीपासून? अहो, सजेवर न सापडणारे भाऊसाहेब आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण मोघम आदेशाचा फायदा त्यांनाच होतो. "रोज ४८ गट, या गावापासून" असं लेखी असेल तर तिसऱ्या दिवशी दीडशेच्या जागी चाळीसच दिसले की कामचुकार उघडा पडतो. "तात्काळ"मध्ये मात्र राबणारा आणि झोपणारा दोघंही सारखेच दोषी, नोटीसही दोघांना सारखीच.

विलंबाला आळा घालणारा २००५ चा कायदा आपल्याकडं आहे. फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, असं तो सांगतो. म्हणजे टेबलावरच्या माणसाला सात दिवस, अन् बांधावर फिरणाऱ्याला चार.

पुढच्या पावसाआधी तहसील कार्यालयानं एवढंच जाहीर करावं: कोणत्या सजेत किती खातेदार, किती पथकं, एका पथकाला रोज किती गट. यादी चावडीवर लावा. तुमच्या सजेचा आकडा माहीत असेल तर खाली लिहा, हिशेब आपण इथंच मांडू.