गळका पॉईंट

आमच्या माणदेशात दुधाच्या पैशाला पगार म्हणतात. दर पंधरवड्याला तो होतो आणि बहुतेक घरांत किराणा, शाळेची फी, दवाखाना त्याच्यावरच चालतो. या पगाराबद्दल कुणी तक्रार केली, की केंद्रावर एकच उत्तर मिळतं, ‘मशीनला विचारा, मशीन खोटं बोलत नाही.’ मी सहा वर्षं गावच्या संकलन केंद्रावर रजिस्टर लिहिलं. मशीन नीट धुतलं, वेळच्या वेळी तपासलं, तर ते खरंच खोटं बोलत नाही. पण मशीन फक्त फॅट आणि एसएनएफ सांगतं, पैसे सांगत नाही. पैसे सांगतो तो भिंतीवरचा दराचा तक्ता, आणि माझं भांडण त्या तक्त्याशी आहे.

शहरातल्या वाचकासाठी थोडं सोपं करून सांगतो. दुधातला स्निग्धांश म्हणजे फॅट. तो आणि पाणी बाजूला काढल्यावर जे उरतं, म्हणजे प्रथिनं, दुधाची साखर, क्षार, ते एसएनएफ. आमच्या तक्त्यात गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला होता, लिटरला ३० रुपये. ०.१ म्हणजे एक पॉईंट. फॅट एक पॉईंट वाढली की ३० पैसे जास्त. एसएनएफ ८.५ च्या वर गेला की पॉईंटला ३० पैसे जास्त, पण खाली आला की पॉईंटला एक रुपया कमी. वर चढताना तीस पैसे, खाली उतरताना शंभर!

आता पहिली गळती बघा. मशीनच्या पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे येतात. तक्त्यात रकाने मात्र एकाच आकड्याचे. मग दुसऱ्या आकड्याचं काय करायचं? तो सोडून द्यायचा, असा वरून आदेश. एका पंधरवड्यात आमच्या वहिनींच्या गाईचं दूध रोज वीस लिटर जात होतं, फॅट ३.५८, एसएनएफ ८.४७. रजिस्टरात उतरलं ३.५ आणि ८.४. म्हणजे फॅटचे पैसे वाढले नाहीत आणि एसएनएफचा अख्खा रुपया गेला. दर बसला २९ रुपये. दुसरा आकडा धरला असता तर फॅटचे २४ पैसे वाढले असते, एसएनएफचे ३० पैसे गेले असते आणि दर २९ रुपये ९४ पैसे आला असता. लिटरमागं ९४ पैसे. पंधरा दिवसांच्या तीनशे लिटरला २८२ रुपये. वहिनी म्हणाल्या, ‘एवढ्यात पोराची वह्या-पुस्तकं आली असती की, भाऊजी.’ त्यांचा हिशोब तक्त्यापेक्षा सरळ होता.

दुसरी गळती यापेक्षा खोल आहे, कारण ती एका घराच्या पावतीवर दिसतच नाही. शेजारच्या तात्यांचं दहा लिटर दूध ८.७ एसएनएफचं, वहिनींचं दहा लिटर एखाद्या दिवशी ८.३ चं. फॅट दोघांची ३.५ धरा. तात्यांना दर मिळाला ३० रुपये ६० पैसे, वहिनींना २८. दोघांचे मिळून ५८६ रुपये झाले. मग दोघांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं. त्या कॅनमधल्या वीस लिटरचा एसएनएफ किती? बरोबर ८.५. आणि ८.५ चा दर ३० रुपये, म्हणजे वीस लिटरचे ६०० रुपये. दूध तेच, कॅन तोच, फक्त ओतण्याआधी मोजलं म्हणून चौदा रुपये कमी झाले. हे रोज घडलं तर दोन घरांमागं पंधरवड्याला २१० रुपये. हे पैसे कुणी चोरले नाहीत. तक्त्याची चढण आणि उतार सारखे नाहीत, म्हणून ते आपोआप वर राहतात. आणि चोर दिसत नाही म्हणूनच ही गळती वर्षानुवर्षं चालते.

यावर डेअरीवाले म्हणतात, ‘एवढी कपात ठेवली नाही तर लोक पाणी घालतील.’ म्हणणं अगदीच पोकळ नाही, पाणी घालणारे आहेत. पण पाणी घातलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही पडतात, आणि मिसळलेलं पाणी किती हे आजचं मशीन वेगळं दाखवतं. त्याच्यावर वेगळा दंड लावा, दूध परत पाठवा, माझी हरकत नाही. पण देशाचा अन्नसुरक्षेचा कायदाच गाईच्या दुधाला किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ मागतो. म्हणजे वहिनींचं ८.३ चं दूध कायद्याला शुद्ध आहे आणि तक्त्याला गुन्हेगार. एप्रिल-मे महिन्यात हिरवा चारा संपतो, ऊन चढतं, होल्स्टीन गाय दमते आणि पाण्याचा थेंब न घालता एसएनएफ दोन पॉईंट खाली येतो. पाण्याची शिक्षा उन्हाला कशाला?

खरं-खोटं ओळखायचं असेल तर एक सोपा ताळा आहे. पंधरवड्यात रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीचे लिटर १.०३ ने गुणून किलो करा, त्याला त्या नोंदीच्या एसएनएफनं गुणून शंभरानं भागा आणि सगळ्यांची बेरीज घ्या. ही झाली गावाकडून घेतलेली एसएनएफची किलो. मग टँकर भरताना मिळालेल्या पावत्यांवरून तशीच बेरीज करा. ही झाली डेअरीला दिलेली किलो. दूध थोडं सांडतं, कॅनला चिकटतं, म्हणून टँकरची बेरीज जराशी कमीच यायला हवी. ती जास्त आली तर समजा, गावाच्या नोंदीत आकडे कापले जातायत. दुसरा आकडा सोडला की दर नोंदीत सरासरी जवळपास अर्धा पॉईंट गळतो. रोज हजार लिटरच्या गावात पंधरवड्याला ती जवळपास सात किलो भरते. फॅटचाही ताळा असाच घ्या. मात्र त्यासाठी टँकरच्या पावत्या गावाला दिसायला हव्यात, आणि आमच्याकडे त्या कपाटात कुलूपबंद असायच्या.

उपाय अवघड नाही. गुजरातच्या सहकारी संघांत म्हशीच्या दुधाचा भाव किलो फॅटवर सांगतात. तसाच गाईच्या दुधालाही फॅटच्या किलोचा एक दर आणि एसएनएफच्या किलोचा एक दर लावा. मग दूध आधी मोजा नाहीतर ओतल्यावर मोजा, बेरीज तीच येते. ते होईपर्यंत निदान दोन गोष्टी करा. मशीननं दाखवलेले दोन्ही दशांश पावतीवर छापा आणि हिशोबात धरा. आणि चढणीचा पैसा तोच उताराचा पैसा ठेवा.

शेतकऱ्याला दर वाढवून द्या, असं मी इथं म्हणत नाही. ते भांडण मोठं आहे आणि वेगळं आहे. जो दर तुम्हीच भिंतीवर लावलाय, तो पुरा द्या, एवढंच म्हणतोय. पुढच्या पगाराच्या दिवशी पावती घडी करून खिशात घालायच्या आधी तिच्यावर दुसरा दशांश शोधा. नसला तर तिथंच उभं राहून विचारा, ‘तो गेला कुठं?’