आधी भिंत, मग पूल

मागच्या रविवारी भाचीची स्पर्धा होती. संध्याकाळी फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. हरली नव्हती. बरोबरी झाली होती. पण ज्या डावात आपल्याकडे एक प्यादं जास्त आहे आणि जो आपण जिंकणार म्हणून मनात पेढे वाटून झालेत, त्यात बरोबरी झाली की ती हरण्यापेक्षा जास्त बोचते. (बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

"मामा, तू शिकवलेलं ते पुलाचं आलंच नाही रे!" हे तिचं वाक्य. दोन दिवस ते डोक्यात घोळत होतं, म्हणून ही पोस्ट. दोष तिचा नाही, माझा आहे, आणि माझ्यासारख्या बऱ्याच हौशी शिकवणाऱ्यांचा आहे असं माझं मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. डावाच्या शेवटी दोन्हीकडे एकेक हत्ती उरलाय आणि एका बाजूला एक प्यादं जास्त आहे, अशी वेळ पटावर फार वेळा येते. अशा वेळी सगळ्यांना शिकवली जाते ती 'लुसेना' स्थिती. प्यादं सातव्या रांगेत, त्याच्या पुढे आठव्या रांगेत आपला राजा, आणि शत्रूचा राजा आपल्या हत्तीमुळे दूर अडकलेला. आता आपला राजा बाहेर आला की समोरचा हत्ती शहावर शह देत सुटतो. त्यावर उपाय म्हणजे आपला हत्ती आधीच चौथ्या रांगेत आणून ठेवायचा आणि शेवटच्या शहाला तो राजासमोर आडवा घालायचा. यालाच पूल बांधणं म्हणतात. ही उपमा निम्झोविचने १९२५च्या आपल्या पुस्तकात रूढ केली. गंमत म्हणजे लुसेनाच्या १४९७च्या पुस्तकात ही स्थिती नाहीच. ती सापडते साल्विओच्या १६३४च्या पुस्तकात, आणि तोही श्रेय तिसऱ्यालाच देतो. असो.

मीही भाचीला हा पूल शिकवला होता. दहा वेळा घोटून घेतला होता. झोपेतून उठवलं असतं तरी तिने बांधून दाखवला असता. फक्त नदीपर्यंत जायचं कसं, ते मी सांगितलंच नव्हतं.

आता तिचा डाव बघा. घरात पट असेल तर मांडाच, पाचच मोहरे आहेत. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी असं एचपर्यंत म्हणायचं आणि रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ मोजायच्या. ती पांढऱ्याकडून खेळत होती. तिचा राजा सी३ वर, प्यादं डी४ वर, हत्ती ए१ वर. काळ्याचा राजा जी७ वर आणि हत्ती डी८ वर, म्हणजे प्याद्याच्या बरोबर समोर, लांबून रोखून बसलेला. खेळी तिची.

तिने हत्ती जी१ वर नेऊन शह दिला. शह दिसला की द्यावासा वाटतो, मलाही वाटतो. काळा राजा एफ७ वर सरकला. मग तिने हत्ती ई१ वर आणला, कारण "मामाने सांगितलंय, राजाला अडवून ठेवायचं". राजा अडला खरा. ई पट्टी ओलांडून त्याला येता येईना. तो एफ६ वर जाऊन उभा राहिला. आता त्याच्या आणि प्याद्याच्या मध्ये एकच पट्टी होती, ई.

पुढे तिने राजा सी४ वर आणला. काळ्या हत्तीचा सी८ वरून शह. राजा बी५, हत्ती पुन्हा डी८ वर, प्याद्यावर डोळा ठेवून. राजा सी५, पुन्हा सी८ वरून शह. राजा बी६, हत्ती पुन्हा डी८. आता राजा प्याद्यापासून दूर गेलाय आणि प्यादं मरतंय. हत्ती ई४ वर आणून ते वाचवावं तर काळा राजा एफ५ वर येऊन हत्तीलाच हाकलतो. म्हणून तिने हत्ती ई पट्टीवरून काढून प्याद्यामागे डी१ वर नेला. भिंत गेली, आणि काळा राजा एका पावलात ई६ वर आला.

तिचा राजा सी७ वर, काळा हत्ती डी५ वर. राजा सी६ वर येऊन हत्तीला धमकावतो, पण त्याला मारता येत नाही, कारण ई६ वरचा राजा त्याला राखतोय. उलट हत्ती डी६ वरून शह देतो, तिथेही राजाची राखण आहेच. तिचा राजा सी५ वर, हत्तीचा डी५ वरून शह, राजा सी४ वर, आणि काळा राजा डी६ वर येऊन प्याद्याच्या वाटेत ठाण मांडतो. संपलं. पूल बांधायला नदीच उरली नाही.

आता सुरुवातीच्या स्थितीत परत जाऊया. काळा राजा जी७ वर. शह न देता हत्ती मुकाट्याने एफ१ वर ठेवायचा. एवढंच. शहाने राजाला एफ पट्टीवर ढकललं होतं, म्हणजे आपणच त्याला एक पाऊल जवळ आणून सोडलं होतं. आता तो जी पट्टीतच कोंडला गेला आणि मध्ये दोन पट्ट्या राहिल्या, ई आणि एफ. समजा तो जी६ वर आला.

पुढच्या खेळी त्याच. राजा सी४, शह, राजा बी५, हत्ती डी८, राजा सी५, शह, राजा बी६, हत्ती डी८. पुन्हा आपला हत्ती डी१ वर. भिंत पुन्हा मोडली. पण काळा राजा एका पावलात जातो कुठे? एफ६ वर. ई६ वर नाही! आता राजा सी७ वर, काळा हत्ती डी५ वर, राजा सी६ वर, आणि या वेळी हत्तीला राखायला कुणी नाही. त्याला पळावंच लागतं, समजा डी८ वर. प्यादं डी५ वर जातं. काळा राजा ई७ वर धावतो, तर आपला हत्ती ई१ वरून शह देतो आणि राजा पुन्हा ई पट्टीबाहेर, एफ६ वर. या वेळचा शह योग्य, कारण तो राजाला दूर घालवतोय. नवी भिंत उभी राहिली आणि प्यादं डी६ वर गेलं.

इथून पूल कसा येतो तेही बघून टाकू. काळ्या हत्तीचा सी८ वरून शह, राजा बी७. हत्ती सी२ वर पळतो, प्यादं डी७ वर. बी२ वरून शह, राजा सी७. सी२ वरून शह, राजा डी८. काळा राजा एफ७ वर येतो. झाली की लुसेना! आता हत्तीने एफ१ वरून शह देऊन राजाला जी७ वर घालवायचं आणि मग हत्ती एफ४ वर, चौथ्या रांगेत. काळा हत्ती सी१ वर थांबून वाट बघतो. आपला राजा ई७ वर निघतो. ई१ वरून शह, राजा डी६. डी१ वरून शह, राजा ई६. ई१ वरून शह, राजा डी५. डी१ वरून शह, आणि हत्ती डी४ वर आडवा. शह संपले, आता वजीर होणार.

दोन डावांत फरक किती? एका पट्टीचा. आणि तो पडला पहिल्याच खेळीत, पुलाच्या कितीतरी आधी.

हे मोजायचा एक सोपा हिशोब आहे, पाचाचा नियम. प्यादं कितव्या रांगेत आहे तो आकडा घ्यायचा, त्यात प्यादं आणि शत्रूचा राजा यांच्या मधल्या पट्ट्या मिळवायच्या. बेरीज पाचापेक्षा जास्त झाली तर डाव जिंकता येतो, पाच किंवा कमी असेल तर बरोबरी. भाचीच्या डावात चार अधिक एक, पाच. दुसऱ्या वाटेने चार अधिक दोन, सहा. प्यादं तिसऱ्या रांगेत असेल तर तीन पट्ट्या हव्यात.

मात्र हा नियम डोळे मिटून लावायचा नाही. तो सी, डी, ई, एफ या पट्ट्यांवरच्या, तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या प्याद्यांसाठी आहे. आपला राजा प्याद्याजवळ हवा आणि शत्रूचा हत्ती प्याद्यासमोरून लढत असायला हवा. कडेच्या ए आणि एच पट्ट्यांवरच्या प्याद्यांचं गणितच निराळं, तिथे आपला राजा स्वतःच्या प्याद्यापुढे कोपऱ्यात अडकून बसतो.

तर माझं मत असं, की शिकवताना क्रम उलटा करावा. आधी राजाला कोंडायचं शिकवा, पट्ट्या मोजायला शिकवा, कुठला शह राजाला जवळ आणतो आणि कुठला दूर नेतो ते ओळखायला लावा. पूल मग शिकवा. एक बुद्धिबळप्रेमी मित्र म्हणाला की शेवट माहीत नसेल तर पोराला कळणार कसं कुठे जायचंय? मुद्दा चूक नाही. पूल पाच मिनिटांत दाखवावा, जरूर दाखवावा. पण मग पाच तास भिंतीवर घालवावेत. आम्ही नेमकं उलटं करतो, कारण पूल दिसायला देखणा आहे आणि शिकवणाऱ्याला तो दाखवून भाव खाता येतो. हत्ती एफ१ वर ठेवण्यात बघण्यासारखं काहीच नाही. नुसता उभा राहतो तो तिथे.

काल भाची घरी आली होती. दोन्ही डाव शेजारी शेजारी मांडून दाखवले. बराच वेळ बघत बसली, मग जी१ वरचा हत्ती उचलून एफ१ वर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मी शह दिला म्हणून?" हो म्हटलं. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चहा करायला उठलो.