पगार नेमका कोण देणार?

भोसरी, निगडी, चाकण, महाळुंगे या आमच्या पट्ट्यात ‘वॉक-इन’ मुलाखतींच्या जाहिरातींना तोटा नाही. बार्शी, परळी, कर्जतकडच्या मुली रात्रीच्या एसटीने येतात, सकाळी रांगेत उभ्या राहतात. भाडं, रिक्षा, खाणं धरलं तर एका फेरीला हजार रुपये कुठे जातात कळत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, कुठे जायचं आणि कुठे नाही, हे घरीच ठरवायला हवं.

सरकारी मेळाव्याचं तसं सोपं आहे. जिल्ह्याचं कौशल्य विकास व रोजगार केंद्र जे पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे भरवतं, त्यांची माहिती ‘महास्वयम’ या संकेतस्थळावर असते. कोणत्या कंपन्या, किती जागा, शिक्षण काय, ते आधी वाचावं. आपल्या शिक्षणात बसणाऱ्या चार-पाच कंपन्या तरी असतील तरच निघावं. २ मार्च २०२४ ला बारामतीत भरलेल्या नमो महारोजगार मेळाव्यासारखा मोठा मांडव असला, तरी आपल्या कामाची खुर्ची त्यात दोन-चारच ठिकाणी असते. खासगी जाहिरातीत मात्र कंपनीचं नाव न देता नुसतं ‘नामांकित कंपनीत भरती’ आणि एक मोबाईल नंबर असेल, तर जाऊच नये. नोंदणी, गणवेश, ‘गेटपास’ असल्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर तिथूनच मागे फिरावं.

पण खरी मेख टेबलावर कळते. फलकावर ज्या कारखान्याचं नाव असतं, तिथे आपण फक्त काम करणार असतो. पगार देणारा बहुतेक वेळा दुसराच, म्हणजे ठेकेदार असतो. किंवा मुलीला ‘अप्रेंटिस’ म्हणून घेतात. अप्रेंटिस वाईट असं मी म्हणणार नाही. करार रीतसर नोंदवलेला असेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पण तिला मिळतं ते विद्यावेतन, पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन कंपनीवर नसतं. हे माहीत असून घेतलं तर ठीक. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारावा: “नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं मिळेल?” २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांप्रमाणे नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

दुसरा प्रश्न, “हातात किती येणार?” गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीला ‘साडेअठरा हजार’ सांगितले होते. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. मूळ पगार १५,०००. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८००, ईएसआयचे ४८८ आणि वर्षाच्या बोनसचा महिन्याचा हिस्सा १,२५० मिळवले, की झाले १८,५३८! यातलं तिच्या हातात काय? १५,००० मधून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ईएसआयचे ११३ वजा केले, तर १३,०८७. बस आणि कँटीन कापलं तर आणखी कमी. (महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागत नाही, तो कापलेला दिसला तर जरूर विचारा.) पीएफ आपलाच पैसा आहे, तो बुडत नाही, पण खोलीचं भाडं काही त्यातून देता येत नाही.

आणि तो पीएफ खरंच भरला जातो का? हे घरबसल्या बघता येतं, हे फार जणींना माहीत नसतं. ठेकेदाराकडून त्याचा पीएफ कोड मागून घ्यायचा. पीएफ कार्यालयाच्या (ईपीएफओ) संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे कोड टाकला की कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती कामगारांसाठी, कोणत्या तारखेला भरले, ते दिसतं. या मुलीला टेबलावरच्या माणसाने “आमची तीनशे पोरं-पोरी कामाला आहेत” असं छातीठोक सांगितलं होतं. यादीत कामगार निघाले चौदा, आणि शेवटचा भरणा सात महिन्यांपूर्वीचा. नुसत्या नावाने शोधलं तर त्याच नावाची दुसरीच आस्थापना दिसू शकते, किंवा एका ठेकेदाराचे दोन कोड असू शकतात, म्हणून तिने आधी फोन करून कोड बरोबर आहे ना, ते विचारलं. त्याने “कागद नंतर बघू, तू उद्यापासून ये” म्हटलं.

ती गेली नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे लागली. पगार थोडा कमी सांगितला होता, पण कोड त्याने न मागता दिला आणि दर महिन्याचा भरणा यादीत दिसत होता. रात्रपाळीला तिची संमती लेखी घेतली, आणि बस चाकण चौकात न सोडता खोलीच्या वळणापर्यंत येईल, हेही तिने रुजू होण्याआधी विचारून घेतलं.