पिशवी काढा म्हणणाऱ्यांना

"एकदा पिशवी काढून टाका, दर महिन्याची कटकट संपेल." पेणमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला हा सल्ला किमान चार जणांनी दिला आहे. त्यात नातेवाईक होते, शेजारी होते आणि एक डॉक्टरही. तिची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला मध्यम स्वरूपाचं बौद्धिक अपंगत्व आहे. चार-पाच शब्दांचं वाक्य बोलते, आकडे कळत नाहीत, पण एखादा क्रम एकदा अंगवळणी पडला की चुकत नाही. तिचं नाव मी लिहिणार नाही. कारण पुढे येईलच.

हा सल्ला नवा नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंग मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण दिलं गेलं की त्यांना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा मुख्यमंत्री शरद पवारांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. या मुलींना शिकवायला किती माणसं होती, किती महिने प्रयत्न झाले, हा प्रश्न तेव्हाही मोलाचा होता आणि आजही आहे. आता २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येणार नाही. कायदा झाला, पण घराघरातला सल्ला तोच राहिला.

म्हणून आधी त्या "कटकटी"चंच बघू. जी मुलगी शौचाला स्वतः जायला शिकली, ती पॅड बदलायलाही शिकू शकते. फक्त शिकवण्याची रीत वेगळी लागते, आणि सुरुवात पाळीच्या आधी करावी लागते. छातीची वाढ दिसू लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तेवढा वेळ हातात असतो.

माझ्या बहिणीने काय केलं ते सांगते. निकरच्या आतल्या बाजूला, जिथे पॅड बसतो तिथे, तिने रंगीत धाग्याने पॅडची बाह्यरेषा शिवून घेतली. पॅड कुठे आणि कसा लावायचा हे मुलीला शब्दांत सांगावं लागलं नाही, रेषेवर ठेवला की झालं. मग महिन्यातून दोन दिवस कोरडा पॅड लावून सवय केली. पॅडवर लाल रंगाच्या पाण्याचे थेंब टाकून "असं झालं की बदलायचं" हे दाखवलं. तरी ओलं झाल्याचं तिला प्रत्येक वेळी जाणवेल यावर बहीण विसंबली नाही. वेळ दिवसाच्या कामांना बांधली: उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, असरच्या चहानंतर, झोपताना. दिवसा चार ते सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडत नाही. रक्तस्राव जास्त असेल त्या दिवशी मधे एक वेळ वाढते.

शिकवण्याचा क्रम उलटा होता. दार लावणं, जुना पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, पुढून मागे धुणं, पुसणं, नवा लावणं, हात धुणं. सुरुवातीला सगळं आईने केलं आणि हात धुणं तेवढं मुलीवर सोडलं. ते जमल्यावर शेवटचे दोन टप्पे, मग तीन. त्यामुळे प्रत्येक वेळी काम तिच्याच हातून पूर्ण होतं आणि शाबासकीही तिलाच मिळते. पुढून सुरुवात केली असती तर पहिल्याच अवघड टप्प्यावर ती अडली असती. सगळं जमायला अकरा महिने लागले. धुणं अजूनही आईच्या देखरेखीखाली होतं. पावसाळ्यात आपल्याकडे कापड नीट वाळत नाही आणि दमट कापडाने खाज येते, म्हणून जून ते सप्टेंबर घडीचं कापड बंद, फक्त विकतचे पॅड.

दुसरा मुद्दा वेदनेचा. "ती त्या दिवसांत हट्टी होते, मारते," असं लोक सांगतात. पोटात दुखतंय हे सांगता येत नसेल तर माणूस काय करेल? तिसऱ्या पाळीपर्यंत बहिणीने एका वहीत नोंद ठेवली. पाळीच्या आदल्या दिवशी आणि पहिल्या दोन दिवसांत मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसते, भाकरी ढकलते, आपलाच हात चावते. एरवीच्या दिवसांत यातलं काहीच नाही. म्हणजे स्वभाव बदलला नव्हता, दुखत होतं. बालरोगतज्ज्ञांनी वजन पाहून वेदनाशामक दिलं. ते पाळी सुरू होताच, खाल्ल्यानंतर, ठरलेल्या वेळी द्यायचं, ती रडेपर्यंत थांबायचं नाही. तासाभरात हात चावणं थांबलं, आणि तोच पुरावा ठरला. तिला फिट्स असत्या तर डॉक्टरांना ते आधी सांगावं लागलं असतं, कारण काही मुलींना फिट्स पाळीच्या आसपास वाढतात आणि औषधाची निवड बदलते. गोळीने न थांबणारं दुखणं, ताप, सलग दोन तास दर तासाला पूर्ण भिजणारा पॅड, आठ दिवसांपुढे चालणारा रक्तस्राव, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरकडे जायलाच हवं. अशा वेळी पाळी कमी करणारी, थांबवता येणारी औषधं असतात. तो उपचार आहे आणि त्याला माझा विरोध नाही.

पिशवी काढली तर यातलं काय सुटतं? रक्त थांबतं. पण बीजकोश राहिले तर संप्रेरकांचं चक्र चालू राहतं, चिडचिड जाईलच असं नाही. शिकवणं राहून जातं. आणि सर्वांत भयंकर म्हणजे या सल्ल्यामागे बहुतेकदा एक न बोललेलं वाक्य असतं: "काही झालं तरी निदान पोट तर राहणार नाही." म्हणजे अत्याचार गृहीत धरला, फक्त त्याचा पुरावा मिटवला.

त्याचं उत्तर खाजगीपण शिकवण्यात आहे. ज्या मुलीची निकर कुणीही, कधीही, न विचारता खाली करतं, ती "हा स्पर्श चुकीचा" हे कुठून शिकणार? म्हणून बहीण प्रत्येक वेळी आधी सांगते, "आता मी पॅड बघते, बघू?" आणि हो म्हणेपर्यंत थांबते. मदत करणाऱ्या दोनच बायका ठरल्या आहेत, आई आणि शाळेतल्या एक बाई. दार लागतं. भिंतीच्या कॅलेंडरवर नोंद नाही, वही कपाटात असते. दावतीत "बिचारीची पाळी कशी सांभाळता?" असं कुणी विचारलं की बहीण विषय बदलते. नाव न लिहिण्याचं कारण हेच.

आपल्या फिकहच्या पुस्तकांत हैजवर स्वतंत्र प्रकरण असतं, मदरशात ते शिकवलं जातं. रोजा आणि नमाजच्या बाबतीत आपण इतके बारकाईने बोलतो. मग हया म्हणून घरात गप्प बसायचं आणि मुलीचं शरीर कापायचं ठरवताना मात्र चारचौघांत चर्चा करायची, ही कुठली हया?

पेण-रोह्यात ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे, त्यांना सल्ला द्यायचाच असेल तर न्हाणीघराला आतून लागणारी पण बाहेरून उघडता येणारी कडी बसवून द्या. आईला रोज अर्धा तास मोकळा मिळेल असं घरचं काम वाटून घ्या. त्या अर्ध्या तासात मुलगी हात धुण्यापासून सुरुवात करील.