विश्लेषण : दर सप्टेंबरला नवा फुटबॉल गेम, जुन्या कार्डांचे काय होते?

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनामध्ये खेळणारा मुंबई सिटी एफसी हा संघ ‘फिफा 22’पासून इंडियन सुपर लीगसह व्हिडीओ गेममध्येही दिसू लागला. ‘फिफा’शी करार संपल्यावर ईए कंपनीने हीच मालिका ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ नावाने सुरू ठेवली. नवी आवृत्ती दर सप्टेंबरला येते आणि कन्सोलवर चार-पाच हजार रुपयांना पडते. हा खर्च दरवर्षी करावा का?

कार्डांचा खेळ काय?

‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात प्रत्येक खेळाडू म्हणजे एक कार्ड. ही कार्डे बंद पाकिटांतून निघतात. पाकिटे सामने खेळून मिळवलेल्या नाण्यांनी घेता येतात किंवा खऱ्या पैशांच्या पॉइंट्सनी. आत कोण निघेल, हे आधी कळत नाही. फक्त शक्यता टक्क्यांत दिलेली असते.

एक टक्का म्हणजे किती?

एखादे कार्ड निघण्याची शक्यता 1 टक्का असेल, तर 100 पाकिटांत ते मिळेलच, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक पाकिटात ते न मिळण्याची शक्यता 99 टक्के असते. सलग 100 वेळा असेच होण्याची शक्यता सुमारे 37 टक्के. म्हणजे 100 पाकिटे फोडणाऱ्या दर 100 जणांपैकी 37 जण रिकाम्या हाताने परततात. पाकीट दीडशे रुपयांचे धरले, तर प्रत्येकाचे 15 हजार गेलेले असतात. शिवाय यादीत अनेकदा ‘1 टक्क्याहून कमी’ असेच लिहिलेले असते. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवले आणि 2019च्या सुरुवातीला कंपनीने तिथली पॉइंट्स विक्री थांबवली.

वर्षअखेरीस काय उरते?

कार्डे आणि नाणी नव्या आवृत्तीत जात नाहीत. त्याआधीच त्यांची किंमत घसरते, कारण दर आठवड्याला अधिक ताकदीची खास कार्डे येतात. ऑक्टोबरचा हुकमी स्ट्रायकर फेब्रुवारीत बाकावर बसतो.

मग घ्यावा की नाही?

मित्रांशी किंवा भावाशी घरीच सामने आणि ‘करिअर मोड’ खेळणाऱ्याला नव्या आवृत्तीत मुख्यतः ताजे संघ आणि थोडी सुधारणा मिळते. त्याने दोन-तीन वर्षे थांबावे किंवा सवलतीची वाट पाहावी. सप्टेंबर 2023चा ‘एफसी 24’ मे 2024 मध्ये प्लेस्टेशन प्लस सदस्यांना वेगळे पैसे न मोजता मिळाला होता. ऑनलाइन कार्ड खेळणाऱ्याचे प्रतिस्पर्धी मात्र नव्या आवृत्तीकडे वळतात. त्याला गेम घ्यावासा वाटणे समजण्यासारखे आहे. पण गेमची किंमत हीच त्याने खर्चाची मर्यादा मानावी. पाकिटांवर घातलेला रुपया पुढच्या सप्टेंबरला शून्य होतो, हे धरूनच पालकांनी मुलांच्या हाती कार्ड किंवा यूपीआय द्यावे.